मंगळवारी दाबलेलं बटण

सहादू पगारे यांनी मोजून न घेतलेली वस्तू कधी घरात आणली नाही. गॅसचा सिलिंडर आला की आधी वजनकाटा. इस्त्रीचे कपडे आले की एकेका शर्टाची बटणं. भाजीवालीनं तराजू उचलला की तात्या खाली वाकून पारड्याच्या बुडाला काही चिकटवलेलं नाही ना, ते बघत. जेल रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत सगळे त्यांना तात्या म्हणत, आणि तात्या दारात दिसले की भाजीवाली आपण होऊन तराजू उलटा करून दाखवी.

"बटणं नीट मोजा बरं," त्यांच्या पत्नी सुलाबाई चुलीपुढून, म्हणजे आता गॅसपुढून, म्हणत. "एखादं खाल्लं आसंल त्यानं. लय भूक लागती इस्त्रीवाल्यांना."

तात्या उत्तर देत नसत. मोजणी अर्ध्यावर चुकते म्हणून.

सवय कारखान्यातली होती. सातपूरला पंपांच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरला होते. जाळीच्या खिडकीपलीकडे कामगार उभा, अलीकडे तात्या. कामगारानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, तात्यांनी तो खिळ्याला अडकवायचा आणि मगच पाना हातात द्यायचा. संध्याकाळी खिळ्यावर एक जरी बिल्ला उरला तरी तात्या बस सोडून देत, पण पाना शोधल्याशिवाय जात नसत.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक मायक्रोमीटर हरवला होता. किमती वस्तू, बारीक मापं घ्यायची. सगळ्यांच्या आधी पेटी उघडली गेली ती तात्यांची. सगळ्यांच्या आधी त्यांचीच का, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती. चांदवडकडच्या एका खेड्यातून आलेला पोरगा, नोकरी अजून कच्ची. तीन दिवस त्यांना ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. येणारा जाणारा बघून जाई. चौथ्या दिवशी मायक्रोमीटर एका सुपरवायझरच्या कोटाच्या खिशात निघाला. तात्यांना सांगितलं, "जा, कामाला लाग." तेव्हापासून ते सगळं लिहून ठेवू लागले. लिहिलेलं असलं की माणसाला बाकड्यावर बसवता येत नाही, असं त्यांचं मत.

निवृत्तीनंतर कॉलनीच्या बुद्धविहारातली अभ्यासिका त्यांच्याकडे आली. स्पर्धा परीक्षा देणारी वीस-पंचवीस मुलं तिथं बसत. कॉलनीतल्या एका शिकून मोठ्या झालेल्या मुलानं अभ्यासिकेला लॅपटॉप दिला होता. मुलांचे अर्ज, प्रवेशपत्रं सगळं त्यावर. लॅपटॉपचा ताबा तात्यांकडे. सकाळी घरच्या लोखंडी कपाटातून काढायचा, विहारात न्यायचा, संध्याकाळी परत कपाटात. रजिस्टरमध्ये लॅपटॉपचा नंबर, चार्जरचा नंबर, झाकणावरच्या दोन ओरखड्यांची लांबी.

वायफाय बसवायला माणूस आला तेव्हा तात्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "आजूबाजूचे लोक हे चोरून वापरतील का?"

"पासवर्ड टाकलाय ना, तात्या."

"पासवर्ड फुटतो."

शेवटी त्या माणसानं कंटाळून अशी सोय करून दिली की ज्या यंत्राचा पत्ता आधी नोंदवला असेल तेवढंच जोडलं जाईल. प्रत्येक वायफाय कार्डाचा एक स्वतःचा क्रमांक असतो, बारा अक्षरांचा, तो दुसऱ्या कुठल्या कार्डाला नसतो, असं त्यानं सांगितलं. तात्यांना हे फार पटलं. त्यांनी तो क्रमांक रजिस्टरमध्ये लाल शाईनं उतरवून घेतला आणि त्या माणसाकडून दोनदा वाचून घेतला.

जानेवारीत लॅपटॉपची बॅटरी फुगली. कळफलकाखालचा भाग वर आला, झाकण मिटेना. विहाराच्या समितीनं ठरवलं, रोशनीकडे द्या.

रोशनी कॉलनीतलीच. वडील नव्हते, आई शिवणकाम करी. पोरीनं आयटीआय केलं, दोन वर्षं कुणाकडे हाताखाली राबली आणि मग जेल रोडलाच एक शटर भाड्यानं घेऊन लॅपटॉप दुरुस्ती सुरू केली. बोलायला चटकन, कामाला नेटकी. बॅटरी दुसऱ्या दिवशी येणार होती म्हणून तिनं लॅपटॉप रात्रभर दुकानात ठेवून घेतला.

ती एक रात्र तात्यांच्या घशाखाली उतरली नाही.

"रात्रभर कशाला ठेवला असंल?" ते सुलाबाईंना म्हणाले.

"आंगाई गायला."

"चेष्टा नको. पाठ उघडून ठेवलेली, आतली वस्तू कोण बघतंय?"

परत आणला तेव्हा ओरखडे जागच्या जागी होते. बॅटरी नवी होती. तात्यांनी सही केली, पण सहीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं : एक रात्र बाहेर होता.

त्यानंतर बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, तात्या अभ्यासिकेत एकटेच बसले होते. मुलं जेवायला गेलेली. लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. खाली टक्के. बारा टक्के, एकोणीस टक्के. वर इंग्रजीत सूचना : संगणक बंद करू नका.

बंद करू नका? हे सांगणारा कोण? तात्यांनी काहीच केलं नव्हतं. हातसुद्धा लावला नव्हता. टीव्हीवर रोज ऐकायचं, कुठं बसलेला माणूस कुणाच्या यंत्रात शिरला, काय काय नेलं. मुलांची आधार कार्डं होती त्यात, जातीचे दाखले, गुणपत्रिका. आकडा चढत होता. चौतीस टक्के. कोणीतरी घेऊन चाललंय, आणि आपल्यालाच सांगतंय की बंद करू नका. आणि यंत्र एक रात्र बाहेर होतं.

तात्यांनी बटण दाबलं. पडदा काळा होईपर्यंत बोट उचललं नाही.

मग पाच मिनिटं थांबून त्यांनी लॅपटॉप परत चालू केला. तो बराच वेळ घुटमळला आणि सुरू झाला. फायली जागेवर होत्या. तात्यांनी एकेक उघडून मोजल्या. सगळ्या होत्या. वेळेवर हात घातला म्हणून वाचलं, असं त्यांना वाटलं. कुणाला सांगितलं नाही. आधी पुरावा, मग बोलणं.

पण इंटरनेट चालेना. कोपऱ्यात वायफायची पंख्यासारखी खूण असायची, तिथं नुसता जाळीदार गोळा. त्यावर बोट ठेवलं तर यादीच नाही. अभ्यासिकेचं नाव नाही, समोरच्या क्लासचं नाही, शेजारच्या दवाखान्याचंही नाही. एरवी आठ-दहा नावं दिसायची. तात्यांच्या फोनवर तेव्हाही दिसत होती. म्हणजे वायफाय होतं. लॅपटॉपलाच ते दिसत नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी पाठ उघडली होती. आज वायफाय नाही. तात्यांनी दोन ओळी एकाखाली एक मांडल्या आणि बेरीज केली.

तरी खात्री म्हणून ते बिटको चौकात सोमनाथच्या संगणकाच्या दुकानी गेले. लॅपटॉप पिशवीत, पिशवी छातीशी. सोमनाथनं उभ्या उभ्या पाहिलं. त्याच्यापुढे चार गिऱ्हाइकं होती.

"वायफायचा पर्यायच येत नाहीये, तात्या. कोणी उघडला होता का?"

"बॅटरी बदलली. आमच्या कॉलनीतल्या पोरीनं."

"मग तिला विचारा. मी उघडलेला नाही, मी काय सांगू? आत कार्ड आहे का नाही, देव जाणे. बाहेरून लावायचं एक येतं, बोटाएवढं, ते देऊ का?"

तात्यांना त्या बोटाएवढ्या वस्तूचाही संशय आला. ते नको म्हणाले. पण "आत कार्ड आहे का नाही" एवढं त्यांनी पिशवीबरोबर घरी आणलं.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर मैनाबाई भेटल्या. त्यांचा नातू अभ्यासिकेत बसायचा.

"तात्या, पोरगं म्हणत होतं लॅपटॉप बंद हाय. फारम भरायला कॅफेत जावं लागलं त्याला."

"बंद नाही. आतलं कार्ड गायब आहे."

"आत्ता गं बाई! कुणी नेलं?"

"नाव मी कशाला घेऊ? उघडला कुणी होता, ते सगळ्यांना माहीत आहे."

नाव घेतलं नव्हतं. तात्यांना आपल्या सावधपणाचं बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या केंद्रावर एकानं विचारलं, त्यालाही नाव न घेताच सांगितलं. पुढचे चार दिवस तात्या कुणाच्या दारात गेले, कुणी त्यांच्या दारात आलं. नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. शनिवारपर्यंत सगळ्या कॉलनीत ठाऊक झालं होतं की रोशनी बॅटरी बदलताना चांगले भाग काढून घेते.

रविवारी समितीची बैठक होती, आणि ती नेमकी रोशनीच्याच कामाची. एका संस्थेकडून अभ्यासिकेला दहा जुने संगणक मिळणार होते. त्यांची वर्षभराची देखभाल रोशनीला द्यायची, असं आधीच्या बैठकीत जवळजवळ ठरलं होतं. कॉलनीतल्या पोरीला पहिलं कायमचं काम. आता तिला ते द्यायचं की नाही, हे बघायचं होतं. नाही दिलं तर का नाही दिलं, हे जेल रोडला कुणाला विचारायची गरज पडली नसती, आणि तिच्या शटरची पायरी कुणी चढलं नसतं.

विहाराच्या सभागृहात सतरंजी अंथरली होती. अध्यक्ष नवसाताई, सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या नर्स, भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी खजिनदार रवी, बँकेत कारकून, बोलायला पुढे. आणखी दोघंतिघं. तात्या लॅपटॉप मांडीवर घेऊन. कोणीतरी विषय काढणार, तेवढ्यात रोशनी चप्पल काढून आत आली. हातात स्क्रूड्रायव्हरची डबी.

"जय भीम. मला बोलावलं नाही, पण माझ्याबद्दलच चाललंय म्हणून आले."

"बस की," नवसाताई म्हणाल्या.

"बसते. तात्या, लॅपटॉप इथं मध्ये ठेवा. मी हात लावला तर चालेल का, का तुम्हीच लावता?"

तात्या म्हणाले, "मीच लावतो. तू सांग."

"बरं. सुरू करा. आता खाली विंडोजच्या खुणेवर उजवं बटण दाबा. यादी आली? त्यात डिव्हाइस मॅनेजर. उघडा. हे लॅपटॉपच्या आतल्या वस्तूंचं रजिस्टर आहे असं समजा."

रजिस्टर म्हटल्यावर तात्या नीट बघायला लागले.

"नेटवर्क ॲडाप्टर लिहिलंय, तिथं बाण दाबा. काय दिसतंय?"

एका ओळीत कार्डाचं नाव होतं. नावाच्या खुणेवर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह.

"कार्ड मी काढलं असतं तर इथं ही ओळच आली नसती," रोशनी म्हणाली. "वस्तूच नाही तर नोंद कुठून येणार? वस्तू आहे. तिला चालवणारा प्रोग्रॅम बिघडलाय, म्हणून पिवळी खूण. त्या ओळीवर दोनदा दाबा, आतच लिहिलेलं असेल."

तात्यांनी दाबलं. रवीनं चष्मा वर करून इंग्रजी वाचलं. या उपकरणाचा ड्रायव्हर खराब झालेला किंवा गायब असू शकतो. कोड एकोणचाळीस.

"गायब म्हणतोय बघ," तात्या लगेच म्हणाले.

"ड्रायव्हर गायब, तात्या. कार्ड नाही. ड्रायव्हर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम. विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा म्हणा. दुभाष्याची जीभ लुळी पडली की कार्डाला काय ऐकू येतंय ते विंडोजला कळत नाही. म्हणून यादी कोरी."

"बोलायला गोड आहे," तात्या हळूच म्हणाले. हळू म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

रोशनीनं डबी उघडली. "मग बंद करा, पाठ उघडते. सगळ्यांसमोर. तात्या, तुम्ही स्क्रू मोजा."

दहा स्क्रू निघाले. तात्यांनी एकेक वहीच्या पानावर ओळीत मांडला. झाकण उचललं. मधोमध काळी लांब बॅटरी, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी हिरवी पट्टी, तिला दोन बारीक वायरी टोचलेल्या.

"हे कार्ड. या वायरी अँटेनाच्या."

सगळे वाकून बघू लागले. नवसाताई म्हणाल्या, "झालं ना मग, सहादू? आहे की कार्ड."

तात्यांनी मान हलवली. "कार्ड आहे. पण आपलंच कशावरून? चांगलं काढून जुनं बसवलं असेल तर?"

"अरे देवा!" रवी हसला. "तात्या, तुम्ही नव्या नोटेचंसुद्धा जातपडताळणी प्रमाणपत्र मागाल."

रोशनी मात्र हसली नाही. तिनं कार्डावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "कार्डावर कागद चिकटवलाय, त्यावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. बारा अक्षरी. तुमच्याकडे नोंद आहे का? अभ्यासिकेचं वायफाय नोंदवलेल्या यंत्रालाच चालतं म्हणे."

तात्यांनी रजिस्टर काढलं. लाल शाईची ओळ सापडली. नवसाताईंनी मोबाइलची बत्ती धरली, रवी कार्डावरचं एकेक अक्षर वाचू लागला, आणि तात्या ओळीवर बोट सरकवत राहिले. सहा अक्षरं जुळली. आठ जुळली. बाराच्या बारा जुळली.

तात्यांनी रवीला परत वाचायला लावलं. परत जुळली.

आपल्याच हातच्या नोंदीपुढे बोलायला जागा उरली नव्हती. तात्यांनी वही मिटली. त्यांना वाटलं आता विषय संपेल. पण रोशनीला विषय संपवायचा नव्हता. चार दिवसांत दोन गिऱ्हाइकं तिच्या दुकानातून लॅपटॉप परत घेऊन गेली होती, दुरुस्त न करताच.

"ड्रायव्हर आपोआप बिघडत नाही," ती झाकण परत बसवत म्हणाली. "कधी बिघडला ते बघूया."

तिनं आता न विचारताच लॅपटॉप आपल्याकडे ओढून सुरू केला. अपडेटची यादी उघडली. मंगळवारची तारीख. विंडोजचं अपडेट, आणि त्याखाली याच वायफाय कार्डाचा नवा ड्रायव्हर. पुढे लिहिलेलं : अयशस्वी. मग तिनं आणखी एक जागा उघडली. तिथं यंत्र स्वतःची दिनचर्या लिहून ठेवतं. तात्यांना हे माहीत नव्हतं. मंगळवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. संगणक अनपेक्षितपणे बंद झाला.

"हे बघा. ड्रायव्हर बसत असतानाच मधूनच यंत्र बंद पडलं. जुना निघालेला, नवा अर्धाच बसलेला. त्यामुळे हे झालं. मंगळवारी लॅपटॉप कसा बंद पडला?"

मग रवी म्हणाला, "लाइट गेली असेल."

"लाइट गेली तरी बॅटरी आहे ना."

"तेच म्हणतोय मी." रवी पुढे सरकला. "बॅटरी तूच टाकली होतीस. तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते. लाइट गेली, बॅटरीनं दम धरला नाही, यंत्र बंद पडलं. म्हणजे कार्ड नाही चोरलंस, मान्य. पण माल कच्चा घातलास. तेही बसतंय की नाही?"

"बॅटरी चांगली आहे. मी मोजून दाखवते."

"तुझं यंत्र, तुझे आकडे. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

नवसाताईंनी सुस्कारा सोडला. "रोशनी, बाळ, गैरसमज करून घेऊ नको. पण दहा संगणकांचं काम आहे. लोकांत एकदा बोललं गेलं की समितीलापण उत्तर द्यावं लागतं. या वर्षी राहू दे म्हणजे…"

तात्या खाली बघत होते. अकरा बेचाळीस. त्यांना आपलं बोट दिसत होतं, बटणावर दाबून धरलेलं. खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. यंत्रानं वेळ लिहून ठेवली होती, पण बटण कुणी दाबलं ते काही या लोकांना दिसत नव्हतं. लाइट त्या दिवशी गेली नव्हती, हेही त्यांनाच माहीत. गप्प बसलं तर रवीचं म्हणणं चालून जाणार होतं. कुठं काही खोटं बोलावंही लागणार नव्हतं. नाव न घेता चार दिवस बोलले तसंच, आता न बोलता बसायचं.

पोरगी सतरंजीवर गुडघे मुडपून बसली होती. तिच्याकडे जो तो बघत होता. बाकडं नव्हतं, एवढाच फरक होता.

"लाइट गेली नव्हती," तात्या म्हणाले.

"आँ?" रवी म्हणाला.

"मंगळवारी लाइट गेली नव्हती. मी बंद केला. बटण दाबून धरलं. टक्के चढत होते, बंद करू नका म्हणत होता. मला वाटलं आतून कोणीतरी कागदं नेतंय. म्हणून दाबलं. बॅटरीचं काही नाही."

मग रवी म्हणाला, "आणि चार दिवस पोरीला चोर ठरवत फिरलात?"

"मी नाव नाही घेतलं."

"नाव न घेता तुम्ही माझं दुकान बंद पाडत होता, तात्या," रोशनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी पहिल्याच दिवशी येऊन विचारलं असतं."

तिनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि हात तसाच थांबवला. "यात कंपनीच्या साइटवरून उतरवलेला बरोबर ड्रायव्हर आहे. आज सकाळीच माझ्या लॅपटॉपवर घेतलाय. लावू का? का यातपण काही असेल?"

"लाव," तात्या म्हणाले.

आधी तिनं मागचा ड्रायव्हर परत आणायचं बटण दाखवलं. ते फिकट होतं, दाबलं जात नव्हतं. मागचा जपून ठेवलेलाच नव्हता. मग तिनं पिवळ्या त्रिकोणाची ओळ काढून टाकली, बिघडलेला ड्रायव्हरही पुसायला सांगितला, लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि पेन ड्राइव्हमधला नवा बसवला. या वेळी पट्टी सरकत असताना तात्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले होते. रवीला हसू आवरेना.

कोपऱ्यातला गोळा गेला आणि पंख्यासारखी खूण आली. यादी उघडली. समोरचा क्लास, दवाखाना, अभ्यासिका. एकूण नऊ नावं. सवयीनं तात्यांनी मोजली होती.

नवसाताई म्हणाल्या, "मग देखभालीचं काम रोशनीकडे. कुणाची हरकत?"

हरकत नव्हती. रोशनी उठली नाही.

"माझी एक अट आहे. काम मी घेते. पण कॉलनीत जे पसरलंय ते या खोलीत मिटत नाही. ज्यांनी दहा दारी सांगितलं, त्यांनी दहा दारी जाऊन परत सांगायचं. तात्यांनी स्वतः."

"अगं, आम्ही बोर्डवर लिहितो ना," रवी म्हणाला.

"बोर्ड कोण वाचतं? चोरी बोर्डवर नव्हती लिहिली."

तात्यांनी रजिस्टर उघडलं आणि मागच्या कोऱ्या पानावर नावं लिहायला घेतली. कुणाकुणाला सांगितलं ते त्यांना क्रमानं आठवत होतं. बारा नावं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. त्यांना वाटलं होतं जेवायच्या वेळेला परत येऊ. दुधाच्या केंद्रावरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समितीनं दाबलं का तात्या तुम्हाला?" कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "जाऊ द्या, पोरीची जात, चुकलं असेल, तुम्ही पांघरूण घालताय, चांगलं करताय." एका घरी तर बाई आतूनच म्हणाली, "तिची आई रडत आली आसंल. म्हातारं विरघळलं."

तात्या प्रत्येक दारात चकित झाले. चोरीची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता. आता कार्डाचा क्रमांक, कोड एकोणचाळीस, अकरा बेचाळीस, सगळं सांगत होते, तर जो तो त्यांच्याच तोंडाकडे बघत होता, यात काय दडलंय म्हणून. अशी नजर त्यांना ओळखीची होती. ती आजवर त्यांनीच लोकांवर टाकली होती.

सातव्या घरी मैनाबाई भेटल्या. दारातच निवडायला घेतलेली मेथी. तात्यांनी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली, ड्रायव्हरपर्यंत आले.

"थांबा," मैनाबाई म्हणाल्या. "मला ते डायवर-बियवर कळत नाय. कार्ड गायब हाय, आसं तुम्हीच गिरणीवर सांगितलं. आता म्हणता हाय. खरं कंचं धरू?"

"आत्ताचं."

"का बरं? तवाचं का नाय? तवा बी तुम्हीच बोलला व्हता."

लिहिलेलं होतं, वही काखेत होती, पण मैनाबाईंना वाचता येत नव्हतं. तात्यांनी वही खाली ठेवली.

"कारण मोडला मीच," ते म्हणाले. "बटण मी दाबलं. पोरीनं काही केलं नाही. मला वाटलं कोणी काहीतरी नेतंय, मला कायम तसंच वाटतं. आणि मग मी घरोघर जाऊन तिच्यावर घातलं."

मैनाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"हे आसं सांगा की मग," त्या म्हणाल्या. "त्ये नंबर कशाला सांगत बसले?"

त्यांनी आतल्या नातवाला हाक मारून पाणी आणायला लावलं. तात्या पायरीवर बसले, पाणी प्यायले. मग उठले आणि आधीच्या सहा घरांकडे परत वळले. तिथं त्यांनी नुसते नंबरच सांगितले होते.